बाजार वर, कॉल तिथेच

लोकसभा निवडणुकीच्या निकालाचा आठवडा शेअर बाजारातली माणसे सहजासहजी विसरणार नाहीत. सोमवारी, ३ जून २०२४ रोजी, एक्झिट पोलच्या जोरावर निफ्टी २३,२६३ वर बंद झाला. मंगळवारी मतमोजणी वेगळीच निघाली. भाजपला स्वबळावर बहुमत मिळत नाही हे दिसताच निफ्टी जवळजवळ सहा टक्के कोसळला आणि २१,८८४ वर थांबला. बुधवारी मित्रपक्ष सोबत राहणार हे स्पष्ट झाले आणि बाजार ७३५ अंकांनी उसळून २२,६२० वर गेला. एका दिवसात ३.३६ टक्के.

आता मंगळवारी संध्याकाळी शांत डोक्याने विचार करणारा एखादा गुंतवणूकदार डोळ्यांसमोर आणू. बाजार अति घाबरलाय, उद्या वर येणार, असा त्याचा अंदाज. महिनाभराची मुदत असलेला, बाजारभावापासून जरा लांबचा, म्हणजे स्वस्तातला कॉल तो घेतो. दुसऱ्या दिवशी अंदाज शंभर टक्के खरा ठरतो. बाजार सव्वातीन टक्क्यांहून जास्त वर जातो आणि त्याचा कॉल मात्र जिथे होता तिथेच राहतो.

यात कुणी फसवणूक केलेली नाही. ऑप्शनच्या किमतीत बाजाराच्या दिशेखेरीज आणखी एक गोष्ट विकत घेतलेली असते, तिचा भाव त्या दिवशी कोसळला, इतकेच. ती गोष्ट म्हणजे व्होलॅटिलिटी. तिचा भाव एका अंकाने हलला तर ऑप्शनची किंमत किती रुपयांनी हलेल, हे सांगणाऱ्या आकड्याला व्हेगा म्हणतात.

हे समजायला निफ्टीचे मोठे आकडे बाजूला ठेवू. एक शेअर आहे, भाव १०० रुपये. एक महिन्यानंतर तो १०० रुपयांना घेण्याचा हक्क, म्हणजे १०० च्या स्ट्राइकचा कॉल, बाजारात मिळतो. हक्क आहे, बंधन नाही. महिन्याने भाव १०६ झाला तर सहा रुपये पदरात, ९० झाला तर हक्क सोडून द्यायचा, गेला तो फक्त प्रीमियम.

या हक्काला किती पैसे मोजावेत? भाव वर जाईल की खाली, हे कुणालाच माहीत नसते. पण हा शेअर महिन्याभरात साधारण किती हलतो, याचा अंदाज बांधता येतो. महिन्यात जेमतेम एखादा रुपया हलणाऱ्या शेअरवरचा हक्क काही पैशांचा. दहा रुपये इकडे किंवा तिकडे उडणाऱ्या शेअरवरचा हक्क महाग, कारण वरची उडी घेणाऱ्याची आणि खालची उडी सोडून देता येते. म्हणून चढउतार जितका जास्त अपेक्षित, तितका ऑप्शन महाग. पुटचेही तसेच. व्होलॅटिलिटी वाढली की कॉल आणि पुट दोन्ही महागतात, ती घसरली की दोन्ही स्वस्त होतात.

बाजारात हा चढउतार वर्षाच्या टक्केवारीत सांगतात. २० टक्के व्होलॅटिलिटी म्हणजे दिवसाला साधारण सव्वा टक्का. व्यवहारातली माणसे सरळ १६ ने भागतात, कारण वर्षात सुमारे २५२ व्यवहाराचे दिवस असतात आणि २५२ चे वर्गमूळ १६ च्या जवळ येते. ऑप्शन ज्या भावाला विकला जातोय, त्या भावावरून उलटे गणित करून काढलेल्या व्होलॅटिलिटीला इंप्लाइड व्होलॅटिलिटी म्हणतात. बोलताना सगळे नुसते आयव्ही म्हणतात. मागच्या महिन्यात शेअर किती हलला, याच्याशी तिचा थेट संबंध नाही. पुढे किती हलेल असे बाजाराला वाटते, त्याची ती किंमत आहे.

बाजारभाव आणि स्ट्राइक एकच असेल, तर प्रीमियमचा अंदाज कागदावरही येतो. भाव, व्होलॅटिलिटी आणि मुदतीचे वर्षातले वर्गमूळ यांचा गुणाकार करायचा आणि त्याला ०.४ ने गुणायचे. आपल्या उदाहरणात भाव १००, व्होलॅटिलिटी २० टक्के, मुदत वर्षाचा बारावा भाग, त्याचे वर्गमूळ सुमारे ०.२९. उत्तर येते २ रुपये ३० पैसे. व्याजदर आणि लाभांश इथे शून्य धरले आहेत.

आता शेअर १०० वरच ठेवू, मुदतही तीच, फक्त आयव्ही २० वरून २१ करू. प्रीमियम २ रुपये ४२ पैसे होतो. वाढ साडेअकरा पैशांची. हा या कॉलचा व्हेगा. आयव्ही २५ झाली तर पाच पट, म्हणजे सुमारे ५७ पैसे वाढून किंमत २.८८. आयव्ही १० वर आली तर प्रीमियम निम्मा, १.१५. शेअर एक पैसाही न हलता.

यातून एक सोपी युक्ती हाती लागते. बाजारभावालगतच्या स्ट्राइकला व्हेगा काढायला संगणक लागत नाही. प्रीमियमला आयव्हीने भागायचे. २.३० भागिले २०, उत्तर साडेअकरा पैसे.

लांबच्या स्ट्राइकला ही युक्ती चालत नाही आणि तिथली गोष्ट जास्त रंगतदार आहे. त्याच शेअरवर १०५ चा कॉल घेऊ. २० च्या आयव्हीला त्याची किंमत ६५ पैसे आणि व्हेगा सुमारे ८ पैसे. रुपयांत पाहिले तर १०० च्या कॉलपेक्षा व्हेगा कमीच. पण ६५ पैशांत ८ पैसे म्हणजे बारा टक्क्यांच्या वर, आणि २.३० रुपयांत साडेअकरा पैसे म्हणजे पाच टक्के. आयव्ही २५ झाली तर हा कॉल ६५ पैशांवरून १ रुपया १० पैशांवर जातो, १५ झाली तर २९ पैशांवर येतो. स्वस्त म्हणून घेतलेला लांबचा ऑप्शन हा प्रत्यक्षात व्होलॅटिलिटीवर लावलेला सर्वांत मोठा डाव असतो. घेणाऱ्याला ते बहुधा ठाऊक नसते, कारण त्याने दिशेवर पैसे लावलेत असे तो समजत असतो.

इथे व्हेगाची एक मर्यादाही दिसते. आठ पैशांचे पाच पट केले तर ४१ पैसे वाढायला हवी होती, वाढ झाली ४५ पैसे. आयव्ही वाढताना लांबच्या ऑप्शनचा व्हेगाही वाढत गेला. म्हणजे व्हेगा हा त्या क्षणापुरता आकडा आहे. एक-दोन अंकांच्या बदलाला तो चोख चालतो, दहा अंकांच्या झटक्याला नुसता अंदाज देतो.

आता निवडणुकीकडे परत येऊ, कारण आयव्ही अशी चढते आणि पडते कशामुळे, हे तिथे स्वच्छ दिसते. निफ्टीच्या ऑप्शनांमधून पुढच्या ३० दिवसांची अपेक्षित व्होलॅटिलिटी काढणारा इंडिया व्हिक्स हा निर्देशांक राष्ट्रीय शेअर बाजार प्रसिद्ध करतो. २३ एप्रिल २०२४ ला तो १० च्या आसपास होता. मेच्या मध्यापर्यंत २० च्या वर गेला. निफ्टी मात्र या काळात २२ हजारांच्या आगेमागेच घुटमळत होता. वर्तमानपत्रांत याचे वर्णन ‘भीतीचा निर्देशांक दुप्पट’ असे झाले. भीती होती हे खरेच, पण यातला मोठा भाग साधे अंकगणित होता. २३ एप्रिलपासून ३० दिवस मोजले तर ते २३ मेला संपतात आणि ४ जूनचा निकाल त्यात बसत नाही. मेच्या मध्यापासून मोजलेल्या ३० दिवसांत तो बसतो.

एक दिवस आत आल्याने सरासरी इतकी कशी बदलेल? एका महिन्यात व्यवहाराचे २१ दिवस धरू. साध्या दिवशी बाजार ०.७ टक्का हलतो आणि निकालाच्या दिवशी ४ टक्के हलेल असे सर्वांना वाटते. व्होलॅटिलिटीच्या हिशेबात हालचालींचे वर्ग करून बेरीज होते. वीस साध्या दिवसांचे मिळून ९.८, निकालाच्या एका दिवसाचे १६. बेरीज २५.८, तिचे वर्गमूळ ५.१ टक्के महिन्याला, म्हणजे वर्षाच्या भाषेत साडेसतरा टक्के. निकालाचा दिवस नसता तर हाच आकडा ११ टक्के आला असता. एकटा दिवस साठ टक्क्यांहून जास्त भार उचलतो.

यातूनच पुढचा निष्कर्ष निघतो आणि तो नवख्यांच्या सहसा लक्षात येत नाही. निकाल लागून गेला की तो दिवस मोजणीतून बाहेर पडतो, आणि दुसरे काही घडले नाही तर आयव्हीला ११ कडे परतावेच लागते. बाजार वर गेला की खाली, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. निकाल, अर्थसंकल्प, रिझर्व्ह बँकेचे पतधोरण, कंपनीचे तिमाही आकडे, अशा प्रत्येक ठरलेल्या तारखेनंतर हेच होते. बाजारात याला ‘आयव्ही क्रश’ म्हणतात.

४ जूनला मात्र गणितापेक्षा थोडे जास्त घडले. अनपेक्षित निकालामुळे व्हिक्स व्यवहारादरम्यान ३१ च्या वर गेला आणि सुमारे २७ वर बंद झाला. सरकार कोण बनवणार, हा प्रश्न त्या संध्याकाळी उघडाच होता. ५ जूनला तो बऱ्यापैकी मिटला आणि व्हिक्स १९ च्या आसपास उतरला. एका दिवसात आठ अंक.

हे आकडे आपल्या छोट्या उदाहरणात घालून पाहू. ४ जूनचा निफ्टी म्हणजे १००, मग ५ जूनचा झाला १०३.३६. मुदत एक महिना. आयव्ही २७ वरून १९. प्रत्यक्ष बाजारात प्रत्येक स्ट्राइकची आयव्ही वेगळी असते आणि व्हिक्स म्हणजे त्या सगळ्यांचा एक निचोड, त्यामुळे त्या दिवशी पडद्यावर दिसलेले भाव हुबेहूब हेच असतील असे नाही. चित्र मात्र हेच.

आधी १०५ चा कॉल घेऊ, निफ्टीच्या भाषेत साधारण २३,००० ची स्ट्राइक. मंगळवारी त्याची किंमत १ रुपया २९ पैसे. बुधवारी बाजार १०३.३६ वर गेला. आयव्ही २७ वरच राहिली असती तर कॉल २ रुपये ४८ पैशांवर, म्हणजे जवळजवळ दुप्पट झाला असता. पण आयव्ही आठ अंकांनी उतरली. नव्या भावाला या कॉलचा व्हेगा पावणेबारा पैसे होता, आठ अंकांचे ९४ पैसे. पूर्ण सूत्र लावून किंमत येते १ रुपया ५५ पैसे, म्हणजे तूट ९३ पैशांची. दिशेने १ रुपया १९ पैसे दिले, व्होलॅटिलिटीने ९३ पैसे काढून घेतले. हाती राहिले २६ पैसे.

आता आपल्या गुंतवणूकदाराचा लांबचा, स्वस्त कॉल. १०८ ची स्ट्राइक, म्हणजे २३,६०० च्या जवळपास. मंगळवारी किंमत ६९ पैसे. आयव्ही न हलता बाजार वर गेला असता तर १ रुपया ४७ पैसे. आयव्ही १९ झाल्यावर पुन्हा ६९ पैसे. दिशेने दिलेले ७८ पैसे व्होलॅटिलिटीने जसेच्या तसे परत नेले. या हिशेबात एक रात्र उलटल्याचे अडीच-तीन पैसे अजून वजा व्हायचे आहेत, ते केले की अचूक अंदाज बांधणारा हा माणूस किंचित तोट्यात आहे. दलाली आणि कर वेगळे.

मग त्याने काय करायला हवे होते? दिशेबद्दल एवढी खात्री होती तर फ्युचर घेतला असता तर व्हेगाचा प्रश्नच नव्हता, पण तिथे तोट्याला मर्यादा नाही. दुसरा मार्ग म्हणजे १०५ चा कॉल घेऊन त्याच वेळी १०८ चा विकणे. घेतलेल्याचा व्हेगा आणि विकलेल्याचा व्हेगा एकमेकांना बराचसा खाऊन टाकतात. वरच्याच आकड्यांत, ही जोडी मंगळवारी ६० पैशांना पडली असती आणि बुधवारी ८६ पैशांची झाली असती. भांडवल निम्म्याहून कमी, फायदा तेवढेच २६ पैसे. या जोडीचा फायदा वर २ रुपये ४० पैशांपेक्षा जास्त होऊ शकत नाही, ही तिची किंमत. आयव्ही फुगलेली असताना अनुभवी लोक सुटा ऑप्शन घ्यायचे टाळतात आणि अशा जोड्या करतात, ते यासाठी.

हे वाचून ‘मग विकणाराच शहाणा’ असे वाटणे साहजिक आहे. पण विकणाऱ्याकडे हाच व्हेगा उलट्या बाजूने येतो. निवडणुकीच्या आधी दोन महिन्यांच्या मुदतीचे १०० चे कॉल आणि पुट दोन्ही एखाद्याने विकले, असे धरू. बाजारात याला शॉर्ट स्ट्रॅडल म्हणतात. आयव्ही १२ असताना त्याला मिळाले ३ रुपये ९१ पैसे. तीन आठवडे बाजार १०० वरच थांबला, विकणाऱ्याला हवे तसेच. मुदत सव्वा महिना उरली. आयव्ही १२ च राहिली असती तर जोडीची किंमत ३.०९ वर आली असती आणि ८२ पैसे खिशात पडले असते. पण आयव्ही १८ झाली. किंमत ४ रुपये ६३ पैसे, तोटा ७२ पैसे. बाजार हललेला नाही, दिवस सरलेत, तरी पडद्यावर तोटा, आणि दलालाकडून मार्जिनची मागणी. बरेच जण नेमके याच क्षणी घाबरून सौदा कापतात. यातला काही भाग अपरिहार्य होता, कारण मोठा दिवस जवळ येतो तसा उरलेल्या दिवसांच्या सरासरीत त्याचा वाटा वाढत जातो आणि आयव्ही आपोआप चढते. ठरलेल्या तारखेच्या पलीकडची मुदत विकणाऱ्याने हे आधीच गृहीत धरायचे असते.

मुदतीचा आणखी एक परिणाम सांगायला हवा. १०० च्या कॉलचा व्हेगा एक वर्षाच्या मुदतीला सुमारे ४० पैसे, तीन महिन्यांना २० पैसे, एक महिन्याला साडेअकरा, एका आठवड्याला साडेपाच पैसे. एक्स्पायरीच्या दिवशी तो नगण्य होतो. त्यामुळे एक्स्पायरीच्या दुपारी ऑप्शन घेणाऱ्यांना व्हेगाची काळजी नाही, त्यांची डोकेदुखी वेगळी. उलट दोन-तीन महिन्यांचा ऑप्शन घेणाऱ्याला बाजाराच्या रोजच्या चालीबरोबर आयव्हीची चालही चांगलीच जाणवते.

हे सगळे तपासायला फार काही लागत नाही. राष्ट्रीय शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर ऑप्शन चेनच्या तक्त्यात प्रत्येक स्ट्राइकसमोर IV नावाचा स्तंभ असतो. लोक शेजारचा LTP, म्हणजे शेवटचा भाव पाहतात आणि IV वरून नजर सरकवतात. व्हेगा त्या तक्त्यात नसतो, तो दलालाच्या ॲपवर मिळतो, किंवा भावालगतच्या स्ट्राइकला वर सांगितलेल्या भागाकाराने निघतो. पुढच्या अर्थसंकल्पाच्या आदल्या दिवशी कॉल घ्यायचा मोह झाला, तर आधी त्या स्ट्राइकची आजची आयव्ही महिन्यापूर्वीच्या आयव्हीशी ताडून पाहा. ती १२ ची १८ झाली असेल तर सहा अंक व्हेगाने गुणा. अर्थसंकल्पानंतर बाजार तुमच्या बाजूने गेला तरी त्या गुणाकाराइतके पैसे आधी भरून निघायला हवेत, फायदा त्यानंतरचा.